उधारी सुरू करण्याआधीचा हिशेब: कोकणातल्या छोट्या होलसेलरसाठी

नवा होलसेलर गाळा घेतो, माल भरतो, टेम्पो काढतो आणि पहिल्याच आठवड्यात दुकानदार विचारतो, "उधारी किती दिवसांची?" मी सिंधुदुर्गात किराणा मालाची होलसेल करायला लागलो तेव्हा या प्रश्नाला मी न विचार करता "तीस दिवस" असं उत्तर दिलं होतं, कारण शेजारचा तेवढी देत होता. विक्री वाढली. वर्षअखेर खतावणी मांडली तेव्हा कळलं की वाढलेल्या विक्रीवर मी पदरचे पैसे घातले होते. तो हिशेब आधी कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. आकडे सोपे, गोल धरले आहेत. तुम्ही त्या जागी तुमचे घाला.

पायरी पहिली: शंभर रुपयांच्या विक्रीत तुमचे किती?

खरेदी-विक्रीतला फरक म्हणजे तुमची कमाई नव्हे. समजा, शंभराला विकलेला माल तुम्हाला 94 ला पडतो. त्यावर हमाली, टेम्पोचं डिझेल आणि फुटलेली गोणी मिळून दीड रुपया जातो. उरले साडेचार. गाळ्याचं भाडं आणि पोराचा पगार इथे धरायचा नाही, कारण उधारी दिली काय, नाही दिली काय, ते तेवढेच राहणार. उधारीचा निर्णय फक्त त्या साडेचार रुपयांवर करायचा असतो. त्यातूनच व्याज जाणार, त्यातूनच बुडीत जाणार.

तेल, साखरेसारख्या मालात हे साडेचारही राहत नाहीत, मसाले-फरसाणात जास्त राहतात. म्हणून सगळ्या मालाचा एकच सरासरी आकडा धरण्यापेक्षा, उधारी मागणारा दुकानदार नेमका काय उचलतो, त्यावर तुमचं किती राहतं ते बघा. फक्त तेल आणि साखर उधार नेणारा माणूस हे बहुतेक वेळा तोट्याचं गिऱ्हाईक असतं.

पायरी दुसरी: पैसा अडकतो तो किती आणि किती दिवस?

बोलीत तीस दिवस ठरलेले असतात, पैसे तीस दिवसांत येत नाहीत. खरे दिवस काढायचे तर महिनाअखेरचं एकूण येणं घ्या, त्याला त्या महिन्याच्या उधार विक्रीने भागा आणि तीसने गुणा. येणं 9 लाख आणि उधार विक्री 6 लाख असेल तर तुमची उधारी 45 दिवसांची आहे, बिलावर काहीही छापलेलं असो. सुरुवातीला स्वतःचा आकडा नसतो, तेव्हा ठरलेल्या मुदतीच्या दीडपट धरून चाला.

आता त्या पैशाचं व्याज. बँकेचं कॅश क्रेडिट वापरत असाल तर बँक घेते तोच दर धरा. वर्षाला 12 टक्के असेल तर महिन्याला शेकडा एक रुपया. "माझा स्वतःचा पैसा आहे, मला व्याज कुठे लागतं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तोच पैसा सीसीत भरला असता तर बँकेचं व्याज तितकं कमी झालं असतं, ठेवीत टाकला असता तर ठेवीचं मिळालं असतं. न मिळालेलं व्याज वहीत दिसत नाही, पण ते गेलेलं असतं.

वर्षातले काही आठवडे असे असतात की तेव्हा शेकडा एक हा दर फारच कमी ठरतो. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे घ्या. चाकरमानी गावी येणार, घरोघरी रवा, गूळ, तेल, नारळ, अगरबत्ती लागणार, आणलेला माल पंधरा दिवसांत संपणार. त्या वेळी तुमचा 1 लाख दुकानदारांकडे अडकला असेल आणि सीसीही शेवटच्या रुपयापर्यंत वापरून झाली असेल, तर तुम्ही 1 लाखाचा माल कमी आणता. तो माल महिन्यात दोनदा फिरला असता तर साडेचार रुपयांच्या हिशेबाने नऊ हजारांच्या वर मिळवून गेला असता. अशा महिन्यात अडकलेल्या लाखाचा खर्च एक हजार नव्हे, नऊ हजार धरावा लागतो. हाताशी पैसा मोकळा असेल तरच बँकेचा दर खरा.

पायरी तिसरी: जुनी गिऱ्हाइकं मोजा

माझी चूक इथे झाली होती आणि नव्या माणसाची हमखास इथेच होते.

समजा तुमची महिन्याची रोख विक्री 8 लाख आहे. तुम्ही जाहीर केलं, आजपासून तीस दिवस उधार. विक्री 10 लाखांवर गेली. दोन लाख वाढले, शेकडा साडेचारने 9,000 रुपये जास्त मिळाले, छान. पण उधारी फक्त त्या नव्या दोन लाखांवर राहत नाही. काल रोखीने नेणारे जुने दुकानदार विचारतात, "त्याला देता, मला का नाही?" बाजारपेठ लहान, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. धरून चाला की जुन्या 8 लाखांतले 4 लाख उधारीवर सरकले. त्या चार लाखांवर तुम्हाला एक पैसाही जास्त मिळत नाही, नुसता पैसा अडकतो.

आता बेरीज करू. खरी मुदत 45 दिवसांची, म्हणजे दीड महिन्याची विक्री कायम बाहेर. जुन्या 4 लाखांचे 6 लाख अडकले. हे पूर्ण धरायचे, कारण उधारी दिली नसती तर ते पूर्ण गल्ल्यात आले असते. नव्या 2 लाखांची बिलं 3 लाखांची होतात, पण त्यात तुमच्या खिशातले गेलेले 2,86,500 (शंभराला साडेपंच्याण्णव), बाकीचा न आलेला नफा. शिवाय वाढीव विक्रीसाठी पंधरा दिवसांचा साठा जास्त ठेवावा लागतो, त्याचे 94,000. एकूण 9,80,500 अडकले. शेकडा एक रुपयाने महिन्याचं व्याज साधारण 9,800.

म्हणजे एकही बिल बुडालं नाही तरी 9,000 मिळवायला 9,800 घातले.

त्यात 6 लाखांच्या उधार विक्रीतला शंभरी एक रुपया बुडाला, 6,000 गेले. वसुलीच्या फेऱ्यांचं पेट्रोल, फोन आणि टेम्पोवाल्याचा वाया गेलेला वेळ यांचे 2,000. खर्च 17,800 च्या आसपास, मिळकत 9,000. दर महिन्याला 8,800 चा तोटा, आणि बाहेरून बघणाऱ्याला धंदा सव्वापट झालेला दिसतो.

हाच हिशेब लाखालाखाने मांडला की सूत्र हाती लागतं. वरच्याच आकड्यांत नवी 1 लाखाची उधार विक्री व्याज आणि बुडीत वजा जाता साधारण 1,600 रुपये देते. जुनी 1 लाखाची रोख विक्री उधारीवर सरकली की 2,500 रुपये खाते. म्हणजे जुन्याचा प्रत्येक लाख सरकला की तो भरून काढायला दीड लाखाहून जास्त नवी विक्री लागते. उधारी सुरू करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, किती नवे येतील आणि किती जुने सरकतील?

पायरी चौथी: एक बुडीत बिल किती विक्री खातं?

वीस हजारांचं एक बिल बुडालं. तुमच्या खिशातून गेले 19,100. शंभरी साडेचारने ते परत मिळवायला सव्वाचार लाखांचा माल विकावा लागतो. महिन्याला वीस हजारांचा माल नेणारं दुसरं गिऱ्हाईक धरलं तर त्याची एकवीस महिन्यांची पूर्ण विक्री त्या एका बिलाच्या भरपाईत जाते. दुसऱ्याच्या दारात बसून वसुली करायला कंटाळा येतो तेव्हा मी हा एकवीसचा आकडा आठवतो.

त्यात जीएसटीची भर असते. बिल फाडलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्यात रिटर्नबरोबर भरावा लागतो, दुकानदाराने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. साखर-तेलावर 5 टक्के धरले तर त्या वीस हजारांवर हजार रुपये कर. काही भाग तुम्ही खरेदीत आधीच भरलेला असतो, उरलेला विक्रीवर भरता, एकूण हजार तुमच्याकडून गेलेलेच. बिल बुडालं म्हणून हा कर परत मिळण्याची सोय जीएसटीत नाही. म्हणून बुडीत मोजताना करासकट रक्कम धरा. आयकरात मात्र वहीतून खरोखर बुडीत म्हणून काढलेली रक्कम खर्चात घेता येते. पण ठरावीक टक्के नफा दाखवून कर भरण्याची सवलत घेतली असेल तर तीही वेगळी मिळत नाही. हे आपल्या सीएला आधी विचारून ठेवा.

पायरी पाचवी: कोणाला, किती, कधी?

वरचा तोट्याचा हिशेब उधारी बंद करा असं सांगत नाही. ती सगळ्यांना एकदम देऊ नका, एवढंच सांगतो. पुढच्या वर्षी मी असं केलं: जुन्या लाईनवर रोखच ठेवली आणि जिथे आधी जातच नव्हतो अशा नव्या रस्त्यावरच्या चार दुकानांना उधारी दिली. आकडे पुन्हा गोल करतो. प्रत्येकी महिन्याला 30,000, एकूण 1,20,000. मुदत पंधरा दिवस, खरे पडतात पंचवीस. वाढीव विक्रीचे 5,400 मिळाले. अडकलेला पैसा साठ्यासकट 1,52,000, व्याज 1,520. बुडीत शंभरी अर्धा रुपया धरला तर 600. वसुली टेम्पोच्याच फेरीत, 500. तरीही जुन्यांतले पन्नास हजार सरकले, त्याचं व्याज आणि बुडीत मिळून पावणेसातशे. हाती राहिले साधारण 2,100. रक्कम लहान आहे, पण ती मिळकत आहे.

जुन्यांपैकी जो खूपच मागे लागतो, त्याला उधारीऐवजी रोखीवर शंभरी एक रुपया सूट देऊन पाहावं. 45 दिवसांच्या उधारीचं व्याजच दीड रुपया पडतं, वर बुडण्याची भीती. एक रुपयाची सूट त्यापेक्षा स्वस्त. मात्र ही सूटही सगळ्यांना लागू केली की 8 लाखांवर 8,000 गेले, म्हणजे गळती तीच. दुसरा मार्ग म्हणजे बिलावर दोन भाव लिहिणं, रोखीचा आणि उधारीचा. आपल्याकडे हे तोंडावर सांगायला अवघड जातं, म्हणून भावपत्रकातच छापून टाका.

मर्यादा रुपयांत ठरवा, ओळखीवर नको. पहिल्या तीन महिन्यांत एका फेरीच्या मालाइतकीच: आठवड्याला सात हजारांचा माल नेणाऱ्याला सात हजार. व्यवहार "बिल टू बिल", म्हणजे मागचं बिल पूर्ण भरलं तरच पुढचा माल उतरवायचा. टेम्पोवाल्याला हे पाठ करून द्या, कारण गोणी उतरल्यावर पैसे मागण्यात काही ताकद राहत नाही.

कोकणात मुदतीपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण या भागातला किराणा दुकानदार त्या दोन महिन्यांत स्वतःच गिऱ्हाइकांना उधार देत असतो. होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा बाहेर पडतात, त्यानंतर त्याच्याकडे पैसा फिरायला लागतो. आंब्याच्या गावात पैसा एप्रिल-मेमध्ये असतो आणि पावसाबरोबर आटतो. म्हणून 20 मेला "तीस दिवसांसाठी" दिलेला माल खरा नव्वद दिवसांसाठी दिलेला असतो. साडेचार रुपयांतले जवळपास तीन व्याजातच गेले, आणि बुडीत अजून मोजलेलंच नाही. "गणपती जावंदेत, मगे देतंय" असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुम्हीच जूनचा माल मेच्या मर्यादेने दिलेला असतो. मी 15 मेनंतर किनाऱ्यावरच्या खात्यांची मर्यादा निम्मी करतो आणि तेव्हाच सांगून ठेवतो की ऑगस्टअखेर पुन्हा वाढवीन. आधी सांगितलं की राग येत नाही.

पायरी सहावी: खातं बिघडतंय हे कसं ओळखायचं?

बुडणारा दुकानदार एका दिवसात बुडत नाही. पहिली खूण वहीत दिसते. आधी तो 6,840 च्या बिलाचे 6,840 द्यायचा, आता "खात्यावर पाच हजार जमा करा" म्हणतो. गोल रकमा सुरू झाल्या की बिलाबिलाचा मेळ सुटतो आणि जुनं बिल खाली दबत जातं. म्हणून वही किंवा टॅली बिलावार ठेवा, येणारा पैसा सगळ्यांत जुन्या बिलाला लावा आणि महिन्यातून एकदा येण्याचे तीन भाग पाडा: तीस दिवसांच्या आतलं, साठपर्यंतचं, साठीपलीकडचं. तिसऱ्या भागात आलेलं बिल बहुतेक अर्धं बुडालेलं समजून हिशेबात धरा.

दुसरी खूण मागणीत दिसते. साबण, मसाले, बिस्किटं सुटतात आणि अचानक तेलाचे डबे, साखरेच्या गोण्या वाढतात. हा माल खरेदीच्या भावात कुठेही लगेच रोख होतो. दुकान नीट चालतंय म्हणून तो जास्त माल नेतो आहे, की दुसऱ्या कोणाचे पैसे भरायला नेतो आहे? माझं सगळ्यांत मोठं बुडीत असंच गेलं. एका ओळखीच्या दुकानदाराने दिवाळीआधी नेहमीच्या अडीचपट तेल मागितलं, मी खूश होऊन टेम्पो भरून पाठवला. दिवाळीनंतर शटर बंद. तेव्हा कळलं की तालुक्यातल्या दुसऱ्या दोन होलसेलरांनी त्याचा माल महिनाभर आधीच थांबवला होता. तेव्हापासून आम्ही होलसेलर आपसांत एकमेकांना फोन करून विचारतो. स्पर्धा भावाची असू द्या, बुडीत गिऱ्हाइकाची माहिती मात्र वाटून घ्यावी.

पायरी सातवी: कागद

डिलिव्हरीच्या बिलावर माल मिळाल्याची सही आणि तारीख घ्या, नुसता शिक्का नको. उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदत संपण्याआधी दुकानदाराने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून दर 31 मार्चला प्रत्येक खात्याची बाकी एका कागदावर लिहून त्याची सही घ्या. बिघडलेला माणूस सही टाळतो. त्यातूनही खूण मिळते.

चेक घेतला तर तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार. यातला एक दिवसही चुकला तर चेकची ताकद जाऊ शकते, म्हणून तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

उद्यम नोंदणी केली की 45 दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा आपल्याला लागू होतो, असं बरेच जण धरून चालतात. होलसेल आणि किरकोळ व्यापाऱ्यांना ती नोंदणी 2021 मध्ये मिळाली ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्धचं संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे दुकानदाराला त्याची धमकी देण्यात अर्थ नाही.

पायरी आठवी: तीन महिन्यांनी खात्याखात्याने बघा

प्रत्येक उधार खात्यासाठी वहीच्या मागच्या पानावर चार आकडे लिहा: त्याची तीन महिन्यांची विक्री, त्यावर तुमचं राहिलेलं, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि साठीपलीकडचं येणं. दुसऱ्यातून पुढचे दोन वजा करून ज्याचं काही उरत नाही, त्याला रोखीवर न्या. तो गेला तर त्याचा अडकलेला पैसा सुटतो, आणि गणपतीच्या मालाला तोच उपयोगी पडतो. माझ्या पहिल्या यादीत एकवीस खाती होती. त्यातली नऊ मी रोखीवर नेली. सहा जण दुसऱ्या होलसेलरकडे गेले, तिघे थांबले. थांबलेल्या तिघांतल्या एकाचं बिल आजही टेम्पोच्या पायरीवरच चुकतं केलं जातं.